‘उत्तम प्रतीच्या ५०० प्रती’ : दरपत्रके मागवणाऱ्या पत्राची भाषा

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात पत्रलेखनाचा घटक शिकवताना आपण मायना, विषय, संदर्भ आणि समारोप यांना बरेच महत्त्व देतो. दरपत्रक मागवण्याचे पत्र हा या घटकातील सर्वांत सोपा भाग समजला जातो. चार ओळी लिहायच्या आणि शेवटी ‘आपले कमीत कमी दर कळवावेत’ असे नम्रपणे विनवायचे, की पत्र झाले. माझे मत याच्या अगदी उलट आहे. हे पत्र विनंतीचे दिसत असले, तरी तो मुळात एक प्रश्न असतो आणि तो एकाच वेळी अनेकांना विचारलेला असतो. प्रत्येकाने त्याचा वेगवेगळा अर्थ लावला, तर आलेली उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे ठरतात. त्यांतील आकडे एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडता येतात, पण त्यांची तुलना करता येत नाही. हा दोष हिशेबाचा नसून भाषेचा आहे, म्हणूनच तो मराठीच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावा, असे मला वाटते.

एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या छपाईचे उदाहरण घेऊ. प्रसंग अनुभवातला आहे, आकडे मात्र हिशेब सोपा व्हावा म्हणून बदलून घेतले आहेत. चार मुद्रकांना पुढील मजकुराचे पत्र गेले होते :

‘आमच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक छापावयाचा आहे. अंकाची अंदाजे ८० पाने असतील. उत्तम प्रतीच्या कागदावर, आकर्षक रंगीत मुखपृष्ठासह सुमारे ५०० प्रती हव्या आहेत. तरी आपले कमीत कमी दर लवकरात लवकर कळवावेत.’

व्याकरणाच्या दृष्टीने या पत्रात एकही चूक नाही. परीक्षेत त्याला चांगले गुण मिळाले असते. उत्तरे मात्र अशी आली. पहिल्या मुद्रकाने एकूण २६,५०० रुपये कळवले. दुसऱ्याने प्रत्येक प्रतीस ९४ रुपये, म्हणजे ५०० प्रतींचे ४७,००० रुपये कळवले. तिसऱ्याने दर फर्म्यास ५,८०० रुपये आणि मुखपृष्ठाचे ६,००० रुपये असे लिहून शेवटी ६४,००० रुपयांची बेरीज दिली. चौथ्याने ‘दर वाजवी लावू, प्रत्यक्ष भेटावे’ एवढेच लिहिले. समितीने तुलनात्मक तक्ता केला, २६,५०० हा आकडा सर्वांत लहान होता, आणि काम पहिल्या मुद्रकाला देण्यात आले.

एका शब्दाचे दोन अर्थ

तिसऱ्या मुद्रकाचा आकडा इतका मोठा का, हे तेव्हा कोणी विचारले नाही. त्याचे उत्तर ‘पान’ या शब्दात होते. मराठीत ‘पान’ म्हणजे कागदाची एक बाजूही होते आणि दोन्ही बाजू असलेला संपूर्ण कागदही होतो. ‘पुस्तकाचे एक पान फाटले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजू गेलेल्या असतात. ‘पान क्रमांक ४० उघडा’ म्हणतो, तेव्हा एकच बाजू अभिप्रेत असते. बोलण्यात संदर्भामुळे घोटाळा होत नाही. तिसऱ्या मुद्रकाने मात्र ८० पाने म्हणजे ८० कागद, अर्थात १६० पृष्ठे, असा अर्थ घेतला होता. सोळा पृष्ठांचा एक फर्मा धरला तर १६० पृष्ठांचे दहा फर्मे होतात. त्यांचे ५८,००० आणि मुखपृष्ठाचे ६,००० मिळून ६४,००० झाले. आम्हाला हवी होती ती ८० पृष्ठे, म्हणजे पाच फर्मे. त्यांचे २९,००० आणि मुखपृष्ठाचे ६,००० मिळून ३५,००० रुपयेच झाले असते.

‘पृष्ठ’ हा शब्द लिहिला असता, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. प्रमाण लेखनात संस्कृत शब्द भारदस्त दिसतो म्हणून तो वापरा, असे मी सांगत नाही. येथे ‘पृष्ठ’ या शब्दाला एकच अर्थ आहे, हेच त्याचे मोल आहे.

पत्रातील ‘उत्तम प्रतीच्या’ हा दुसरा शब्दप्रयोग याहून फसवा आहे. ‘प्रत’ म्हणजे दर्जा आणि ‘प्रत’ म्हणजे अंकाची एक नक्कल, असे दोन्ही अर्थ त्या एका वाक्यात आले आहेत. तो केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण ‘उत्तम’ या विशेषणाचे काय करायचे? ‘उत्तम’, ‘चांगला’, ‘आकर्षक’, ‘मजबूत’ ही श्रेणीदर्शक विशेषणे आहेत. त्यांचा अर्थ कशाशी तुलना केली, यावर ठरतो. रोज हस्तपत्रके छापणाऱ्या मुद्रकाला ६० जीएसएमचा कागद उत्तम वाटू शकतो, तर कथासंग्रह छापणारा ७० किंवा ८० जीएसएमपासून सुरुवात करतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. कागद हलका झाला की खर्च उतरतो, आणि मागच्या बाजूची अक्षरे पुढे दिसू लागण्याचा संभवही वाढतो. पहिल्या मुद्रकाने ६० जीएसएमचा कागद धरला होता आणि तिसऱ्याने ७० जीएसएमचा. पत्राप्रमाणे दोघेही बरोबर होते.

न लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ

अडचणीचे तिसरे मूळ शब्दांत नसून मौनात होते. अक्षरजुळणी कोणी करायची, याचा पत्रात उल्लेखच नव्हता. पहिल्या मुद्रकाने छापायला तयार झालेला मजकूर आपल्याला मिळेल, असे गृहीत धरले. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने अक्षरजुळणी आपल्या दरात धरली. पहिल्याने बांधणी म्हणून मधोमध दोन तारा मारणे धरले होते, तर आम्हाला कणा असलेली चिकट बांधणी हवी होती. दुसऱ्याने अंक महाविद्यालयात आणून देण्याचा खर्च आणि कर दोन्ही दरात घातले होते. पहिल्याने आणि तिसऱ्याने कर वेगळा ठेवला होता, पण तसे लिहिले होते ते तिसऱ्याने एकट्यानेच.

पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात संभाषणातील सहकार्याचे तत्त्व मांडले. ऐकणारा केवळ शब्द ऐकत नाही. बोलणारा आवश्यक तेवढे सांगत असणार, असे मानून तो न सांगितलेले अनुमानाने भरून काढतो. रोजच्या बोलण्यात ही फार मोठी सोय असते. दरपत्रकांच्या बाबतीत मात्र हीच सोय घातक ठरते, कारण चार वाचक चार प्रकारांनी रिकामी जागा भरतात आणि आपल्याला ते कळतही नाही. दरपत्रकाच्या उत्तरात एखादी बाब कोरी असली, तर तिचा अर्थ ‘दरात समाविष्ट आहे’, ‘मोफत आहे’, ‘आम्ही करत नाही’ किंवा ‘पाहायचे राहून गेले’ असा कोणताही होऊ शकतो.

या मौनाची किंमत आम्हाला नंतर मोजावी लागली. पहिल्या मुद्रकाच्या २६,५०० रुपयांत अक्षरजुळणीचे ८० पृष्ठांचे पृष्ठास १२० रुपयांप्रमाणे ९,६०० रुपये वाढले. बांधणी बदलल्याचे ३,५०० आणि वाहतुकीचे ९०० रुपये वाढले. देयक कराव्यतिरिक्त ४०,५०० रुपयांचे झाले. ज्याला आपण सर्वांत महाग समजून बाजूला ठेवले, त्या तिसऱ्याने चांगल्या कागदावर अक्षरजुळणीसह कराव्यतिरिक्त ३५,००० रुपयांत काम केले असते. त्यात बांधणीचे आणि वाहतुकीचे पहिल्याइतकेच ४,४०० रुपये मिळवले, तरी बेरीज ३९,४०० होते. पहिल्या मुद्रकाने कोणतीही लबाडी केली नव्हती. आम्ही जे विचारले नाही, ते त्याने सांगितले नाही, इतकेच.

पत्राचा दुसरा मसुदा

पुढील वर्षी हेच पत्र नव्याने लिहिले. त्याचा मुख्य भाग असा होता :

‘१. आकार : डेमी १/८, कापणीनंतर ५.५ × ८.५ इंच. २. आतील पृष्ठे : ८० (कागदाच्या दोन्ही बाजू स्वतंत्र पृष्ठे म्हणून मोजल्या आहेत), एकरंगी छपाई. ३. आतील कागद : ७० जीएसएम पांढरा मॅपलिथो, सोबतच्या नमुन्याप्रमाणे. ४. मुखपृष्ठ : २५० जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरील दोन पृष्ठे चाररंगी, आतील दोन पृष्ठे कोरी. ५. बांधणी : फर्मे दोऱ्याने शिवून, कण्याला मुखपृष्ठ चिकटवून. ६. प्रती : ५००. ७. अक्षरजुळणी : मुद्रकाने करावयाची आहे. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित देण्यात येईल. मुद्रिते दोन वेळा दाखवणे बंधनकारक आहे. ८. पोच : अंतिम मुद्रितास लेखी मान्यता दिल्याच्या दिवसापासून २१ दिवसांत, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात.’

यानंतर दर भरण्याचा तक्ता आम्हीच आखून दिला. त्यात अक्षरजुळणी, आतील छपाई कागदासह, मुखपृष्ठ, बांधणी, वाहतूक आणि कर अशा सहा ओळी होत्या. तक्त्याखाली सूचना होती : ‘कोणतीही ओळ कोरी ठेवू नये. खर्च अन्य ओळीत धरला असल्यास “समाविष्ट” असे लिहून त्या ओळीचा क्रमांक द्यावा.’ ही एक सूचना मला संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाची वाटते. मौनाला अर्थ उरू न देण्याचे काम ती करते. दर प्रतीला द्यायचा, फर्म्याला की संपूर्ण कामाला, हा निर्णयही उत्तर देणाऱ्यावर सोडलेला नव्हता.

सहा ओळींनंतर दोन दर वेगळे मागितले होते : एक फर्मा वाढल्यास किंवा कमी झाल्यास होणारा फरक, आणि त्याच छपाईत ५० प्रती जास्त काढल्यास लागणारा खर्च. अंकाची पृष्ठे नेमकी ८० होतील, याची खात्री कोणत्याच संपादकाला देता येत नाही. पहिल्या पत्रात त्यासाठी ‘अंदाजे’ आणि ‘सुमारे’ हे शब्द घातले होते. त्यामुळे अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगितली गेली, पण तिची किंमत विचारली गेली नाही. काम एकदा सोपवल्यावर आठ पृष्ठे वाढली, तर मुद्रक सांगेल तो दर द्यावा लागतो, कारण तेव्हा शेजारी दुसरा दर नसतो. म्हणून अनिश्चित बाबीसाठी आधी एक निश्चित आकडा धरावा आणि त्यापासून दूर जाण्याचा दर त्याच पत्रात मागावा.

या मसुद्यातील क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. मराठीतील विध्यर्थ हा कर्तव्य, इच्छा, विनंती आणि शक्यता या सगळ्यांचे काम करतो. ‘मुद्रिते दोन वेळा दाखवावीत’ हे वाक्य अट म्हणूनही वाचता येते आणि अपेक्षा म्हणूनही. ज्याला दर कमी ठेवायचा आहे, तो ते अपेक्षा म्हणून वाचेल. म्हणून ज्याच्यावर किंमत अवलंबून आहे, तेथे ‘बंधनकारक आहे’ किंवा ‘करावयाची आहे’ असे लिहिले. सौजन्याचा विध्यर्थ मायन्यात आणि समारोपात राहिला, तेथे तो शोभतोही.

‘कमीत कमी दर’ हा शब्दप्रयोग आम्ही काढून टाकला. प्रत्येक मुद्रक आपला दर कमीत कमीच म्हणतो, त्यामुळे त्या शब्दांतून कोणतीही माहिती मिळत नाही. त्याऐवजी निवड कशी होणार, ते लिहिले : ‘वरील सर्व बाबी पूर्ण करणाऱ्या दरपत्रकांपैकी ८० पृष्ठे व ५०० प्रतींसाठी कर आणि वाहतूक धरून येणारी एकूण रक्कम तुलनेसाठी विचारात घेतली जाईल.’ नियम आधी लिहिला की उत्तरे पाहून नियम बदलण्याचा मोह टळतो. त्याचबरोबर दर पोहोचण्याची तारीख व वेळ, ते किती दिवस कायम राहिले पाहिजेत (आम्ही ६० दिवस लिहिले होते), आणि देयक किती दिवसांत चुकते होईल, हेही लिहिले. पैसे महिन्यात मिळणार की सहा महिन्यांनी, यावरही मुद्रकाचा दर ठरत असतो.

निश्चितपणाची मर्यादा

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. वर्णन जितके बारीक, तितके ते एखाद्याच मुद्रकाला जुळेल असे होऊ शकते. कागदाच्या एकाच गिरणीचे नाव लिहिले, तर तो कागद ज्याच्याकडे आहे त्याचेच फावते. अशी पत्रे कधी अजाणतेपणी, तर कधी जाणूनबुजून लिहिली जातात. भाषा नेमकी असते, पण तुलना नावापुरती उरते. म्हणून मी एक भेद करतो. वाचकाच्या हातात अंक आल्यावर जे जाणवते, ते बारकाईने लिहावे : आकार, कागदाचे वजन, बांधणी, रंग. मुद्रक ते कोणत्या यंत्रावर आणि कोणाच्या कागदाने साधतो, ते त्याच्यावर सोडावे. नाव लिहिणे अपरिहार्य असेल, तर ‘किंवा समतुल्य’ हे शब्द पुरेसे नाहीत. समतुल्यता कशावरून ठरवणार, तेही सांगावे लागते.

शब्दांची स्वतःचीही एक मर्यादा आहे. कागदाचा पांढरेपणा आणि छपाईचा उठाव वाक्यांत पकडता येत नाही. तेथे आम्ही कागदाचा एकसारखा तुकडा प्रत्येक पत्रासोबत जोडला. भाषा कोठे थांबते हे ओळखून तेथे नमुना ठेवणे हादेखील लेखनकौशल्याचाच भाग आहे.

पत्र गेल्यानंतरही तुलनेचा न्याय टिकवावा लागतो. एका मुद्रकाने दूरध्वनीवर विचारले की छायाचित्रे किती असतील? प्रश्न योग्यच होता, आमच्याकडून राहून गेलेला. त्याला तोंडी उत्तर दिले असते, तर तो इतरांपेक्षा वेगळा प्रश्न सोडवू लागला असता. ‘आतील पृष्ठांत एकरंगी २० छायाचित्रे असतील’ हे एक वाक्य चौघांनाही त्याच शब्दांत लेखी कळवले. तसेच दर उघडल्यावर एकालाच ‘आणखी किती कमी कराल?’ असे विचारणे मला अनुचित वाटते. गरजच बदलली असेल, तर नवे वर्णन सर्वांना कळवून सर्वांकडून नवे दर मागवावेत.

येथे कायद्याचा एक मुद्दा थोडक्यात सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या चौकटीत दर मागवणारे पत्र हा प्रस्ताव नसतो, तर प्रस्ताव करण्याचे निमंत्रण असते. मुद्रकाचे दरपत्रक हा सामान्यतः प्रस्ताव ठरतो आणि आपण तो स्वीकारला की करार होतो. म्हणजे पत्र पाठवल्याने आपण कोणाला काम देण्यास बांधले जात नाही. तरीही आपल्या पत्रातील वर्णनच पुढे कराराचे वर्णन बनते. पत्रातला संदिग्ध शब्द करारात उतरतो आणि वाद झाला की त्याच शब्दावर होतो.

दुसऱ्या पत्राला चारही उत्तरे आली. सर्व धरून एकूण रकमा ४५,२००, ४५,८००, ४३,६०० आणि ४९,५०० रुपये होत्या. आदल्या वर्षी ‘प्रत्यक्ष भेटावे’ असे लिहिणारा चौथा मुद्रकही या वेळी तक्ता पूर्ण भरून पाठवू शकला. एकाने ६० जीएसएमच्या कागदाचा स्वस्त पर्याय सुचवला होता. पर्याय वेगळ्या कागदावर द्यावा असे पत्रात असल्यामुळे तो मूळ तुलनेत मिसळला नाही. आदल्या वर्षी सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुपटीहून अधिक होता, या वर्षी फरक सहा हजारांच्या आत आला. यावरून मी एक खूण बांधली आहे. एकाच कामाच्या दरांत दुप्पट-तिप्पट अंतर दिसले, तर मुद्रकांविषयी शंका घेण्यापूर्वी आपले पत्र पुन्हा वाचावे.

अशा लांब पत्राची गरज काय, व्यवसायातल्या माणसांना सगळे ठाऊक असते, असे आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांना ठाऊक असते, हे खरे आहे. परंतु प्रत्येकाला ठाऊक असते ते त्याच्या नेहमीच्या ग्राहकाला काय लागते, हे. आपल्याला काय लागते, ते आपणच सांगायचे असते. ज्यांना हे प्रत्यक्ष पडताळून पाहायचे आहे, त्यांनी आपला मसुदा पाठवण्यापूर्वी दोन परिचितांना स्वतंत्रपणे वाचायला द्यावा आणि ‘यात नेमके काय काय द्यावे लागेल, त्याची यादी करा’ एवढेच सांगावे. दोन याद्यांत जेथे फरक पडेल, ते वाक्य पुन्हा लिहायचे आहे.